चहा द्यायचा की नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी आली शेजारची विमलताई. दवाखान्याची गाडी गल्लीत वळली तेव्हा ही आमच्या दारात उभी, पदर खोचून, कुलपाची किल्ली माझ्या पिशवीत आणि अंगण हिनं झाडून ठेवलेलं! मग तिचा नवरा, मग बस-स्टँडवरचे दोन पोट्टे, बापूजींच्या, म्हणजे आमच्या यांच्या, चहाच्या टपरीवर लहानपणी बिस्किटं खाल्लेले. त्यांनीच स्ट्रेचर उचललं. विमलताईनं मधातच सांगून टाकलं की समोरच्या घरची सून माहेरी गेली ती काही आता येत नाही. बापूजींचे डोळे बंद होते पण ऐकलं असणार. त्यांना सगळ्या आर्णीच्या सुना-पोरींची खबर पाहिजे. चहावाल्याला खबर नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला, असं म्हणायचे.

लकव्याचा हा दुसरा झटका. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं थोडं, शब्द तोंडातच विरघळतात. डावा हात मात्र पक्का आहे. यवतमाळच्या दवाखान्यात इतके दिवस राहिलो की तिथल्या मांजरीही मला ओळखायला लागल्या.

नाकातून नळी आहे. त्यातून दूध, डाळीचं पाणी. उशाला कागद चिकटवून दिला आहे — तोंडाने काहीही देऊ नये. माझा अतुल दवाखान्याचं सगळं आटपून मागच्या गाडीनं आला. लेक साधना मारेगावच्या शाळेतून सुट्टी काढून आली. अतुलच्या सुरभीचे पेपर शुक्रवारी संपतात, मग तीही येणार. घर कसं भरल्यासारखं वाटतं आहे. अशा वेळी आनंद होऊ नये, पण झाला. ही लेकरं एका वेळी एका छपराखाली शेवटची कधी होती ते आठवतच नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात त्यांच्या डाव्या हाताला कापडाची पिशवी बांधायचे, नळी ओढू नये म्हणून. घरी आल्यावर मी ती सोडली. माणसानं स्वतःचं नाक खाजवू नये का? सोडली आणि दुपारी नळी खाली. उपसून टाकली. कंपाउंडर प्रेमसिंग आला, नाकात मलम लावून परत घातली. बापूजींच्या डोळ्यांतून पाणी. रडत नव्हते, नळी जाताना येतंच म्हणे तसं.

प्रेमसिंग मला रागावला. "काकू, हात बांधाच लागते. तुम्ही सोडून देता न मले धावत यावं लागते."

मग घरात सुरू झालं. अतुल म्हणाला, "आई, रिपोर्टात साफ लिहून हाय. गिळलेलं फुप्फुसात जाते. म्हणजे तोंडानं द्यायचंच नाई. पोटातूनच नळी टाकून घेऊ, म्हणजे ओढायचा प्रश्न नाई." अतुल यवतमाळला पाटबंधारे खात्यात आहे. कागदावर लिहिलेलं असलं की त्याला शांत वाटतं.

साधना म्हणाली, "आमच्या शाळेतल्या बाईच्या सासऱ्याले हेच झालं. त्यायनं पण नळीच ठेवली. सगळेच ठेवतात."

मी म्हटलं, "त्यायले चहा आवडते. मी बशीत देतो चमच्यानं. जन्मभर लोकायले पाजला, आता त्यायलेच नाई?"

अतुल म्हणाला, "आई, आवडते म्हणून द्यायचा का?"

मी म्हटलं, "कागदात लिहिलं म्हणून नाई द्यायचा का?"

आम्ही तिघं खोलीच्या या कोपऱ्यात, आणि बापूजी त्या खाटेवर. आमच्याकडे पाहत होते. साधनानं त्यांची चादर नीट केली, नीटच होती तरी.

खरं लिहायचं तर यवतमाळला मी एकदा चमचाभर चहा दिला होता, नर्सबाईंना विचारूनच, त्यांच्यासमोर. गिळतात का ते पाहायचं होतं त्यांना. हात माझा कापत होता. बापूजींनी माझ्या हाताकडे पाहिलं, चहाकडे नाही. ठसका लागला नाही. नर्सबाई म्हणाल्या, तेच वाईट. श्वासनळीत जातं तरी यांना ठसका येत नाही, म्हणजे आपल्याला कळणारच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नळी आहे. हात बांधला आहे. मी बांधला. बापूजींनी दिवसभर भिंतीकडे तोंड केलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरभी आली! माझी नात. नागपूरला वकिलीचं शिकते. आली तशी आधी आजोबांच्या पायाशी बसली आणि त्यांचा बांधलेला हात पाहिला, पिशवी सोडून तो हात आपल्या हातात धरून बसली. धरला म्हणजे नळी ओढता येत नाही. इतकं सोपं कोणाला सुचलं नाही. तासभर तशीच. गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवत होती त्यांना — ते अर्ध्या ग्लासात दोघं पिणारे, ते साखर जास्त सांगून पुन्हा कडक का नाही म्हणून भांडणारे. बापूजी हसले. तोंड एकाच बाजूला हसतं, पण हसलं.

ती आल्याच्या आनंदात मी दूध उतू घालवलं नाही, त्याहून वाईट — नासवलं. पातेलं नीट धुतलेलं नव्हतं बहुतेक. साधना म्हणे, "टाकून दे आई, नासलं." मी म्हटलं, "काहून टाकू?" साखर घालून आटवलं, वेलची टाकली, साजरा, देखणा कलाकंद झाला. सुरभीनं खाल्ला. अतुलनं दोन वेळा खाल्ला.

खाता खाता सुरभी म्हणाली, "आजी, हेच तर. दूध नासलं हे खरं. पण नासलं म्हणून काय करायचं, हे दुधात थोडीच लिहून असते? आत्याले घर साफ पाहिजे होतं, तुले गोड पाहिजे होतं. म्हणून ती टाक म्हणे न तू आटवते म्हणे. दोघींचं दूध एकच."

मी म्हटलं, "बाप्पा, वकिलीच्या पुस्तकात दूधही शिकवतात काय?"

ती म्हणाली, "नाई वो. आम्हाला पंचनामा शिकवतात. पंचनाम्यात काय झालं ते सगळं असते. किती वाजता, कोठे, कोणाच्या हातात काय. पण नुसत्या पंचनाम्यावर कोणाला शिक्षा होत नाही. सोबत कलम लागते. असं केलं तर ही शिक्षा, हे आधी कोठं तरी ठरलेलं असावं लागते. कलम नसेल तर पंचनामा कितीही जाड असू दे, त्यातून निकाल निघत नाही."

अतुलला कळलं ती कोणाला सांगते आहे. "म्हणजे रिपोर्ट खोटा का?"

"रिपोर्ट खराच आहे बाबा. पण रिपोर्ट पंचनामा आहे. 'गिळलं तर फुप्फुसात जाते, त्यानं निमोनिया होऊ शकते.' इथपर्यंत. 'म्हणून तोंडानं देऊ नये' हे त्यात नाही, ते उशाच्या कागदावर दवाखान्यानं लावलेलं. ते म्हणायला मधात एक कलम घालावं लागते — 'निमोनिया टाळणं बाकी सगळ्यापेक्षा मोठं.' तुम्ही ते मनातल्या मनात घातलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर त्यावर कोणी बोललं तरी असतं."

साधना म्हणाली, "आणि सगळे नळी ठेवतात ते?"

"तोही पंचनामाच, आत्या. सगळे करतात हे झालं. सगळे करतात तेच आपण करावं, हे कलम कोण मानते? तुम्ही तर शाळेत पोट्ट्यांना उलटंच सांगता."

मला बरं वाटलं. म्हटलं ही माझ्या बाजूची. तर माझ्याकडे वळली. "न आजी, आवडते म्हणून द्यायचा, हे पण तसंच. आवडते हे खरं. आवडीच्या गोष्टीसाठी जीव धोक्यात घालावा, हे तुझं कलम. तू पण नाही बोलली मोठ्यानं."

मी म्हटलं, कलाकंद संपला का सगळा? संपला होता.

७ फेब्रुवारी, शनिवार

बापूजींजवळ बसून चहा प्यायचा नाही असं मी ठरवलं होतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पीत होते, चोरासारखी. आज त्यांनी डाव्या हातानं खाटेवर टपटप केलं. मग स्टुलाकडे बोट. इथे आण, इथे पी.

टपरीचा एकच ग्लास उरला आहे, जाड बुडाचा, काठाला टवका उडालेला. बाकीचे फुटले, वाटले गेले. तो आणला. त्यांच्या डाव्या अंगाला स्टूल, स्टुलावर ग्लास. ते वास घेत होते. म्हटलं, "त्रास होते का?" मान हलवली. नाही. उलट बोटानं दाखवलं — आलं कमी पडलं.

चहा पिताना ते शेवटचा घोट कधी पीत नाहीत. टपरीवाल्याची सवय. तळाला पत्ती बसते, ती गिऱ्हाइकाच्या तोंडात गेली की शिव्या, म्हणून ग्लासात बोटभर ठेवूनच खाली ठेवायचे. घरीही. लग्नानंतर मला वाटायचं, माझा चहा आवडत नाही यांना. कितीतरी दिवस मनात कुढले आणि एकदा रडले. तेव्हा हसले होते भरपूर. मग बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं दाखवून मला वाचायला शिकवलं — म्हणाले, मनात ठेवते त्यापेक्षा लिहून दाखवत जा. मी दुसरी शिकलेली. बाकीचं सगळं बिस्किटाच्या पुड्यावरून.

८ फेब्रुवारी, रविवार

आज डॉक्टर उर्वशीबाई आल्या. यवतमाळवरून अशा घरी खाटेवर पडून असलेल्या पेशंटकडे पंधरवड्याला फेरी असते त्यांची. वयानं साधनाएवढ्या असतील, पायात साधी चप्पल. विमलताई दारातूनच पाहून गेली आणि म्हणे, "ही डॉक्टर? गोळ्यायची पेटी नाई काई नाई!"

बाईंनी आधी बापूजींना नमस्कार केला. आमच्याशी नंतर बोलल्या. त्यांच्या खाटेजवळच बसल्या, आम्हालाही तिथेच बोलावलं. "त्यांच्याबद्दल बोलायचं तर त्यांच्या समोर," म्हणाल्या.

अतुलनं रिपोर्ट पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, एका शब्दात सांगा. काय करायला पाहिजे?"

बाई म्हणाल्या, "काय होईल ते मी सांगू शकते. तोंडानं दिलं तर काही भाग श्वासनळीत जाईल. घट्ट करून, बसवून, थोडं थोडं दिलं तर कमी जाईल, पण जाईल. त्यातून निमोनिया कधीतरी होण्याची शक्यता मोठी आहे. आठवड्यात होईल की महिन्यांनी, मला सांगता येत नाही. नळी ठेवली तर पोट भरेल, औषधं जातील, बहुतेक जास्त दिवस मिळतील. किती, ते माहीत नाही. आणि नळीनं धोका संपत नाही. लाळ आत जातच राहते, पोटातलं वर येऊ शकतं. नळी असूनही निमोनिया होतो."

"मग नळीच," अतुल म्हणाला.

"ते तुमच्या 'मग'मध्ये आहे. मी सांगितलं त्यात नाही." बाई रागानं नाही बोलल्या. "ह्या 'मग'च्या आधी एक वाक्य आहे, ते प्रत्येकानं मला सांगा. तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?"

अतुल चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "बाप असावा मले. बोलला नाई तरी चालन. दारातून आल्यावर खाटेवर असावा." मी त्याला इतका रडवेला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

साधना म्हणाली, "दवाखान्यात नको. काय व्हायचं थे घरी होवो."

मी म्हटलं, "जेवढं राह्यलं तेवढं गोड जावं."

बाईंनी मान हलवली. "तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. आणि तिन्हींतून वेगवेगळं निघतं. म्हणून रिपोर्ट एकच असून तुम्ही भांडत होता. भांडण फुप्फुसाबद्दल नव्हतंच."

सुरभी म्हणाली, "माझं पण एक आहे. शरीर आजोबांचं आहे तर त्यांचं म्हणणं सगळ्यात वर. हे पण नुसतं खरं-खोट्यातलं नाही, हे पण मानावं लागते. मी मानते. कोणाला नसेल मान्य तर आत्ताच सांगा, मागून नको."

अतुल म्हणाला, "बापूजी काही उलटंसुलटं म्हणाले तर?"

"तर?"

त्यानं रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "मान्य."

साधनानंही मान हलवली. मीही.

इतके दिवस झाले, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी तर चहाच्या बाजूनं भांडत होते, त्यांच्या बाजूनं भांडते आहे असं समजून. विचारलं मीही नव्हतं.

बाईंनी खाट उंच केली, त्यांच्या डोळ्यांसमोर बसल्या. सगळं परत सांगितलं, हळू, लहान लहान. बापूजींनी प्रत्येक वाक्याला पापणी मिटली — कळलं. मग विचारलं, "तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?"

शब्द यायला किती वेळ लागला. घाम फुटला त्यांना. आम्ही सगळे ओठांकडे पाहत.

"हिच्या... हातानं... नको."

हिच्या म्हणजे माझ्या. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे होतं.

मग परत ओठ हलले. "भेते. थे. हात... कापते." थांबले. "काई झालं त... जन्मभर... हिच्या डोक्शात."

आणि डोळे मिटून घेतले. दमले.

मी बाहेर येऊन अंगणात बसले. सुरभी मागून आली, जवळ बसली. मी मनात म्हणत होते, माणसा, तुझं जेवण, तुझा जीव, तुझा चहा, आणि तू माझ्या हाताची काळजी करतो. मी तुला गोड द्यायला निघाले आणि तू मला मोकळं ठेवायला.

आत अतुल म्हणाला, "झालं ना मॅडम. नळी."

बाई म्हणाल्या, "त्यांनी नळी म्हटलं नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली, हिच्या हातानं नको. नळी पाहिजे का, दुसऱ्या कोणाच्या हातानं चालेल का, हे उरलंच आहे. आज ते थकले. तोवर नळी राहू द्या, कारण पोटात काहीतरी जायला पाहिजे. पण ठरलं असं धरू नका. मी बावीस तारखेला रविवारी येते, उरलेलं विचारते. आधी लागलं तर फोन करा."

त्या गेल्यावर आम्ही सगळ्यांनी ठरलं असंच धरलं. मीसुद्धा. इतकं ओझं उतरलं की पुढचं विचारायला कोणाला जीव राहिला नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

हात बांधला नाही. नळीला बोट लावलं नाही त्यांनी. अतुल म्हणाला, "बघ, पटलं त्यायले." साधना गेली, अतुल गेला, सुरभी उद्या जाईल. घर रिकामं व्हायला लागलं की भांडी जास्त वाजतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

टपरीचा ग्लास सापडत नाही!

झालं असं. संध्याकाळी चहा केला, आलं ठेचून घातलं, आज कमी नको म्हणून. ग्लास भरला, फुंकर मारली, स्टुलावर ठेवला. बसणार तेवढ्यात विमलताईची हाक. समोरच्या घरची सून परत आली! आणि सोबत माहेरचे चार जण, आणि दारातच भांडण. आता हे कसं सोडणार? बापूजींना म्हटलं, "पाहून येतो, तुमाले सांगतो." त्यांनी डोळ्यांनीच जा म्हटलं. त्यांनाच जास्त घाई.

विमलताईच्या ओट्यावर बसलो. भांडण काही रंगलं नाही, सून सरळ आत गेली आणि दार लावलं. पण त्यावर बोलण्यात वेळ गेला. परत आले तर स्टुलावर ग्लास नाही. मला वाटलं मीच हातात घेऊन गेले असेन. विमलताईकडे जाऊन विचारलं, तिला राग आला. "तुया फुटक्या गलासाचं मी काय करू वो नलू?" मग म्हणे मांजरीनं पाडला असेल. पण काच नाही कुठे.

बापूजींना सगळं सांगितलं, सून आली, दार लावलं. चेहरा आज लई साजरा होता त्यांचा. लकव्यानंतर असा पाहिला नव्हता. म्हटलं, "सून आली म्हणून इतका आनंद?" हसले. मी त्यांच्या ओठाला ओला कापूस लावला, डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे तोंड ओलं ठेवायला. त्यांनी माझा हात धरला. आज माझा हात कापत नव्हता, कापसाला कशाला कापेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सकाळपासून ताप. श्वास घरघरतो. प्रेमसिंगनं नळीतून गोळी दिली. उर्वशीबाईंना फोन केला. म्हणाल्या निमोनिया दिसतो. दवाखान्यात नेलं तर ऑक्सिजन, शिरेतून औषध, कदाचित मशीन. त्यातून बरे होतील की नाही सांगता येत नाही. घरी ठेवलं तर त्रास कमी करायची औषधं त्या पाठवतात.

अतुल आला. मला वाटलं आता गाडी बोलावतो. पण तो खाटेजवळ बसला, चष्मा काढला आणि वडिलांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बापूजी, यवतमाळले न्यायचं का?"

बापूजींनी मान हलवली. नाही. दोनदा.

अतुल म्हणाला, "बरं." इतकंच. मग पाय दाबत बसला. मी दरवाजातून पाहत होते. त्याला हवं होतं ते त्यानं बाजूला ठेवलं, आणि कोणाला दाखवलंही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी गेले. साधना होती, सुरभी रस्त्यात होती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बुद्धवंदना झाली, सगळं झालं. स्टँडवरचे लोक इतके आले की गल्लीत गाड्या मावल्या नाहीत. ज्यांनी कधी काळी उधारीचा चहा प्यायला तेही रडले. समोरची सून आली, माझ्याजवळ बसली, तिला मी काहीच विचारलं नाही. विमलताईला ते पटलं नाही.

साधनानं फोनवर उर्वशीबाईंना विचारलं, नळी असून निमोनिया कसा झाला? त्या म्हणाल्या, नळीनंही होतो, आधीच सांगितलं होतं. कशानं झाला हे आता कोणी सांगू शकणार नाही. साधनाला कारण पाहिजे होतं. कारण मिळालं असतं तरी काय केलं असतं तिनं त्याचं, कोण जाणे.

मुलं उद्या जातील. यवतमाळला चल म्हणतात. मी म्हटलं, पाहू. सुरभी म्हणे, आजीला विचारा, ठरवू नका. माझी बाई ती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज खाट बाहेर काढली. उशाच्या बाजूला, खाट आणि भिंतीच्या फटीत, गादीच्या डाव्या कोपऱ्याशी, ग्लास उभा. पडलेला नाही, उभा ठेवलेला. चादरीवर एक डाग नाही. आत बोटभर चहा वाळून पत्ती तळाला चिकटलेली. शेवटचा घोट ठेवलेला.

माझ्या हातानं नाही.

ग्लास धुतला नाही. मुलांना सांगायचं की नाही, अजून कळत नाही. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या आठवणीच्या वंदनेला, सगळे रविवारी येतो म्हणाले आहेत. डॉक्टरबाईही — म्हणाल्या, विचारायला येणारच होते, आता भेटायला येते.